चाळीस टक्क्यांचा रेझ्युमे

नवपदवीधरांसाठी रेझ्युमेवर यूट्यूब शॉर्ट काढण्याचे आपण ठरवलेच आहे, तर कमकुवत ओळ आणि तिचे सुधारित रूप पडद्यावर कसे दाखवावे, हे नीट समजून घ्यावे.

समजा, ठाण्याच्या एका बी.कॉम. झालेल्या मुलाने तुर्भ्याच्या मसाला बाजारातील पेढीवर दोन महिने काम केले आणि रेझ्युमेत लिहिले, ‘कार्यालयात डेटा एन्ट्रीचे काम केले.’ ओळ खरोखरच लंगडी आहे, कारण काम किती केले, कशात केले आणि त्यातून काय साधले, यांपैकी कशाचाच तीत पत्ता नाही. एखादा अरसिक माणूस मुलाला हेच तीन प्रश्न विचारील आणि उत्तरे जुळवून लिहील, ‘दोन महिन्यांत सुमारे १,८०० बिले एक्सेलमध्ये नोंदवली, पिव्होट टेबल वापरून थकबाकीची यादी तयार केली, त्यामुळे अर्ध्या दिवसाचे काम अर्ध्या तासात होऊ लागले.’ यात भपका कुठे आहे? शिवाय हा आकडा पेढीच्या बिलबुकावरून कोणालाही पडताळता येतो, हा तर मोठाच दोष.

आपण लिहावे, ‘डिजिटल परिवर्तनाचे नेतृत्व करून उत्पादकता ४० टक्क्यांनी वाढवली.’ चाळीसच घ्यावेत. दहा टक्के केविलवाणे दिसतात आणि नव्वदांवर खुद्द शेठचाही विश्वास बसणार नाही. पेढीवर शेठ, दिवाणजी आणि हा मुलगा असे तिघेच होते, तेव्हा त्याने नेतृत्व नेमके कोणाचे केले, हे दिवाणजींना कळू न देणे बरे.

आता मांडणी. जुन्या वळणाचे लोक आधी कमकुवत ओळ एकटीच दाखवतात, ती सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत ठेवतात आणि मग त्याच जागी एकेक भाग बदलत जातात, म्हणजे कोणत्या शब्दाच्या जागी काय आले, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येते. आपण दोन्ही ओळी एकदमच बारीक अक्षरांत टाकाव्यात आणि सुधारित ओळ अगदी तळाशी ठेवावी, जिथे चॅनेलचे नाव आणि शॉर्टचे शीर्षक तिच्यावर येऊन बसते. ती सेकंदभरच दाखवावी; वाचता न आल्याने माणूस शॉर्ट पुन्हा पाहतो आणि आपल्याला ते लोकप्रियतेचे लक्षण वाटू लागते.

पुढे ऐरोलीतल्या एखाद्या कंपनीत मुलाखत घेणाऱ्या बाई विचारतील, “चाळीस टक्के म्हणजे आधी किती होते आणि ते मोजले कसे?” मुलगा छताकडे पाहील. ज्या मुलाने खरोखर पिव्होट टेबल केले आहे, त्याला त्याविषयी दहा मिनिटे बोलता आले असते. पण ती ओळ आपण भपका नाही म्हणून कधीच खोडली आहे. बाहेर पडून त्याने आपल्याला फोन केला, तर उचलू नये, कारण तेव्हा आपल्या दुसऱ्या भागाचे चित्रीकरण चाललेले असते.