एका शब्दासाठी दोन पानं? हो, साहेब

"सर, 'मिळकत हस्तांतरण' कायद्याच्या प्रश्नपत्रिकेतल्या एका पर्यायावरून मॉडरेटरना दोन पानी टिपण? कलम ५४ वाचलं की उत्तर ठरतं. विद्यार्थ्याला एवढं सुचतही नाही. हा विद्वत्ता मिरवण्याचा सोस झाला. शिवाय कलमाचा कंस चुकलाय." – एक वकील, कसबा बावडा

वकीलसाहेब, कंस चुकला हे मान्य. ५५(६)(अ) नव्हे, (ब). दुरुस्त केलं, आभार.

पण 'मिरवण्याचा सोस'? बावीस वर्षं मी कोल्हापुरात कायदा शिकवतोय, राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत रात्री उत्तरपत्रिका तपासल्यात. मिरवायचंच असतं तर रंकाळ्यावर फिरायला गेलो असतो.

'विद्यार्थ्याला एवढं सुचत नाही' हे तुमचं वाक्य मात्र सोडणार नाही. आमच्याच एका परीक्षेत असाच पर्याय राहिला होता. वर्गातली सगळ्यांत बारकाईनं वाचणारी मुलगी तिथंच अडली आणि तिचा गुण गेला. बाकीच्यांनी पाठ केलेलं लिहिलं, त्यांना मिळाला.

प्रश्न असा होता: कळंब्याचा प्लॉट, साठेखत २० लाखांचं, किमतीपैकी ६ लाख घेणाऱ्यानं दिले, ताबा आणि खरेदीखत बाकी. पर्याय ब: 'घेणाऱ्याला प्लॉटमध्ये हितसंबंध वा त्यावर बोजा मिळत नाही.' पर्याय ड: 'वरीलपैकी एकही नाही.'

कलम ५४ म्हणतं की विक्रीचा करार 'स्वतःहून' हितसंबंध किंवा बोजा निर्माण करत नाही. त्या 'स्वतःहून'वरच सगळं अडलंय. ताबा मिळेल या भरवशावर किमतीपैकी जी रक्कम रीतसर दिली, तिच्यापुरता घेणाऱ्याचा बोजा विकणाऱ्याच्या मिळकतीतल्या हितसंबंधावर बसतो, हे ५५(६)(ब) सांगतं. घेणाऱ्यानं ताबा विनाकारण नाकारला तरच तो जातो. म्हणजे इथं ६ लाखांचा बोजा आहे, पण तो साठेखतानं नव्हे, पैसे दिल्यामुळे आलेला. ज्याला फक्त ५४ आठवतं तो ब लिहील, ज्याला दोन्ही कलमं आठवतात तो ड लिहील, आणि उत्तरसूचीत ब असल्यानं दुसरा चूक ठरेल. आपल्याकडे बोजा म्हटलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचं नाव डोळ्यापुढं येतं. कायद्यानं आपोआप बसणारा बोजा तिथं दिसत नाही, म्हणून तुम्हालाही तो दिसला नसेल.

माझी मागणी एवढीच होती की ब मध्ये 'केवळ साठेखतामुळे' हे दोन शब्द घाला. मग ब निर्विवाद बरोबर आणि ड निर्विवाद चूक. किंवा पैसे दिल्याचं वाक्यच काढा. तिसरा एक मार्ग मी मुद्दाम नाकारला. ६ लाखांना 'इसार' म्हणायचं. पण इसारासाठी बोजा घेणाऱ्यानं ताबा योग्य कारणानं नाकारला तरच मिळतो का, हा वेगळाच वाद आहे. एक गोंधळ काढून दुसरा कशाला आणायचा?

बाकी तुमचं स्वभावचित्रण वगैरे वाचलं. त्याला उत्तर द्यायला वेळ नाही, मॉडरेटरनी सुधारित मसुदा सोमवारपर्यंत मागितलाय.