दाजी आणि मोहरी

माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत, परवा एका माणसानं मला सांगितलं की मी निवडलेलं म्युझिक "दहाव्याला लावल्यावानी" आहे. राग अजून उतरलेला नाही.

लातूरला गंजगोलाईच्या मागं माझी एडिटिंगची खोली आहे. काम होतं लाकडी घाण्याच्या करडई तेलाच्या 20 सेकंदांच्या जाहिरातीचं. घाणेवाले मालक तसे गरीब गाय, पण ते आपले दाजी घेऊन आले. दाजींनी कधीकाळी वरातीचा डीजे चालवलेला, म्हणून "म्युझिकचं सगळं त्यांनाच कळतं."

माझं गणित साधं होतं. घाणा सावकाश फिरतो, तेल सावकाश गळतं, आणि त्या तेलाला गिऱ्हाईक मिळतं ते याच सावकाशीमुळं. म्हणून मिनिटाला 72 ठोक्यांची लय घेतली. म्हणजे 20 सेकंदांत 24 ठोके, चार-चारची बरोबर सहा आवर्तनं. प्रत्येक आवर्तनाला एक दृश्य, आणि शेवटचं आवर्तन सुरू होताच समेवर बाटली. गाणं मध्येच कापायला नको, शेवटी आवाज दाबत न्यायला नको. अशी बेरीज जुळली की मला जेवण गोड लागतं. बायकोला यातलं काही सांगायची सोय नाही, ती म्हणते जेवण मी केलंय.

दाजींनी ऐकलं. बशीत चहा ओतला. फुंकर मारली.

"दादा, कोण गेलंय?"

"कुणी नाही, तेलाची जाहिरात आहे."

"मग हलगी लावा की! दुप्पट करा दुप्पट."

दुःख हे, की दुप्पट केलं तरी गणित बसतं. 144 ची लय, 48 ठोके, बारा आवर्तनं. लावून दाखवलं. आणि जो घाणा मघापर्यंत रुबाबात फिरत होता, तो वीज कमी आल्यासारखा रडतखडत फिरायला लागला. डोळा कानाच्या लयीनं बघतो. आवाज पळाला की तेच दृश्य रखडल्यासारखं दिसतं. हे मी समजावलं, तर दाजी म्हणाले, "मग घाणा पळवा."

पळवला. पीठगिरणी दिसायला लागली.

शिवाय हलगीच्या कडकडाटात निवेदिकेची क, ट, त ही अक्षरं गडप झाली. 'करडई'ची 'रडई' झाली. बोलणं चालू असताना मागचं म्युझिक खाली घ्यावं लागतं, आणि त्यातही माणसाच्या आवाजाच्या पट्टीत ओरडणारी वाद्यं टाळावी लागतात. त्यावर दाजींचा तोडगा: "बाईचा आवाज कशाला पाहिजे? बाटलीवर लिवलंय की सगळं."

मग छातीत धडधडणारा बेस हवा झाला. मी म्हणालो, लोक जाहिरात मोबाईलवर बघणार, त्या चिमूटभर स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. लावून दाखवलं तर ढोलाचा नुसता डबा वाजला. दाजींनी शांतपणे चहाचा स्टीलचा ग्लास उचलला, मोबाईल त्यात उभा ठेवला आणि म्हणाले, "आता?" ग्लासातून गोंगाट वाढला, बेस काही आला नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान होतं. घरोघर ग्लास पाठवू का, हे मी मनातच म्हणालो. आगाऊ रक्कम तेवढी अर्धीच मिळालेली होती.

खरा मार बसला तो फोडणीत. एक्झॉस्ट फॅन बंद करून, कढईपासून हातभर अंतरावर फोन धरून, घामाघूम होऊन मी घरी तेलात कांदा सोडल्याचा चर्रर आवाज घेतला होता. दाजींनी डोळे मिटून ऐकला.

"पाऊस पडायलाय की. तेल कुठंय?"

माणूस बरोबर बोलला, हीच चीड. कढई दिसत नसेल तर नुसता चर्रर आवाज पत्र्यावरच्या पावसासारखाच लागतो, आणि माझ्या जाहिरातीत तो आवाज आधी, कढई नंतर होती. रात्री परत उभा राहिलो. या वेळी तापल्या तेलात आधी मोहरीचे चार-पाचच दाणे टाकले. तड... तड. मग मूठभर, आणि शेवटी झारा कढईच्या काठावर एकदा टण्ण. पाऊस तडतडत नाही आणि त्याच्याकडं झारा नसतो. त्या पहिल्या तडच्या आधी म्युझिक एक ठोका पूर्ण बंद ठेवलं, म्हणून ती ऐकू तरी आली.

जाहिरात 72 च्याच लयीत गेली. मालक खूश. दाजींनी ती स्टेटसला लावली, खाली लिहिलं: 'म्युझिक – दाजी.' म्युझिकच्या लायसन्सचे पैसे मी भरलेत. "फुकट गाणी असताना इकत कशाला घेतलं?" म्हणून तेवढे बिलातून कापलेत, आणि उरलेला हिशोब आता दाजीच बघतात.

काल गोलाईत ते पाठमोरे दिसले. मी तिथूनच फोन लावला. त्यांच्या खिशात मोहरी तडतडली. त्यांनी फोन काढला, नाव बघितलं, झारा वाजेपर्यंत ऐकलं आणि परत खिशात ठेवला.