होयाच्या जुन्या फुलदांड्या कापू नका

"होयाची वेल नुसतीच चढत असेल आणि फुलत नसेल, तर फुले झडून गेलेले जुने देठ कापून टाका, पाने नसलेले लांब शेंडे खुडा आणि वेल मोठ्या कुंडीत हलवा. महिनाभरात फुले लागतील."

हा सल्ला मोगऱ्याला दिला असता तर मी त्याला फारशी हरकत घेतली नसती. मोगऱ्याची फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून थंडी सरताना छाटणी केली की नवी फूट जोमाने येते आणि उन्हाळ्यात तिच्यावर कळ्या धरतात. गुलाबाचेही साधारण तसेच आहे. फूल सुकले की खालच्या डोळ्यापर्यंत कापायचे, ही सवय आपल्या हाताला इतकी लागलेली आहे की होयासमोर उभे राहिल्यावरही कात्री आपोआप पुढे जाते. मात्र होया रुईच्या कुळातली वेल आहे आणि तिची फुलण्याची रीत मोगऱ्याहून अगदी वेगळी आहे.

पहिला मुद्दा जुन्या देठांचा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान त्यातूनच होते. होयाच्या पेरापाशी, पानाच्या शेजारून एक आखूड दांडी निघते आणि तिच्या टोकाला चांदणीसारख्या मेणचट फुलांचा झुबका येतो. फुले संपली की प्रत्येक फूल आपल्या बारीक देठासह गळून पडते, पण मुख्य दांडी वेलीवरच राहते. पुढच्या बहराच्या कळ्या त्याच दांडीच्या टोकातून निघतात आणि दर बहरागणिक ती दांडी किंचित लांबते. जुनी दांडी हातात धरून नीट पाहिली, तर टोकाकडच्या भागावर गळलेल्या देठांच्या खुणांचे खडबडीत थर दिसतात आणि अगदी शेवटी मोहरीएवढा हिरवट उंचवटा असतो. तो उंचवटा म्हणजेच पुढचा झुबका. बाहेरून ही दांडी वाळक्या काडीसारखी दिसते खरी, पण नखाने हलके खरवडले की आत हिरवे लागते, आणि ती तोडली की पांढरा चीक येतो. अशी दांडी कापणे म्हणजे वेलीने महिनोन्‌महिने खपून तयार केलेली फुलण्याची जागा काढून टाकणे होय. वेल नवी दांडी काढू शकते, परंतु त्यासाठी तिला पुन्हा नवे पेर, पुरेसा उजेड आणि बराच काळ लागतो.

विलेपार्ल्याला माझ्या मावशीकडे होया कार्नोसा जातीची वेल आहे. पहिली तीन वर्षे ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, खिडकीपासून सहा-सात फूट आत होती. त्या काळात ती पडद्याच्या दांडीवरून पार छतापर्यंत गेली, पण एकही कळी आली नाही. पाने गडद हिरवी होती आणि दोन पानांतले अंतर वीतभर झाले होते. 2021च्या ऑक्टोबरात कुंडी न बदलता ती पूर्वेच्या बाल्कनीत, ग्रिलच्या आत आणली आणि वेल न कापता तारेच्या कड्यावर गुंडाळली. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या दांड्या दिसल्या आणि 2023च्या मे महिन्यापर्यंत सहा दांड्यांवर फुले येऊन गेली. त्या जूनमध्ये पावसाळ्यापूर्वीची साफसफाई करताना माळ्याने चार दांड्या छाटल्या आणि दोन पानांआड राहून गेल्या. मावशी म्हणाली, "अगं, वाळक्या काड्याच तर होत्या त्या." पुढच्या एप्रिलमध्ये राहिलेल्या दोन्ही दांड्यांवर कळ्या आल्या. छाटलेल्या चार जागांपैकी दोन ठिकाणी पानांची फूट आली, एके ठिकाणी काहीच झाले नाही, आणि चौथ्या पेरापाशी नवी दांडी दिसायला 2025चा उन्हाळा उजाडला. एकाच कुंडीतल्या, एकच पाणी आणि एकच ऊन मिळालेल्या वेलीवर हा फरक पडला, म्हणून मला तो बोलका वाटतो.

दुसरा मुद्दा पाने नसलेल्या शेंड्यांचा. हे शेंडे दोन-दोन हात लांब, उघडे आणि थोडे केविलवाणे दिसतात, त्यामुळे ते निरुपयोगी वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात होया आधी लांब दोर टाकते, त्याला आधार आणि उजेड मिळाला की मगच त्याच्या पेरांवर पाने धरतात, आणि फुलदांड्याही पुष्कळदा याच दोरांवर निघतात. ते दर वेळी खुडले, तर वेल पुन्हा नवा दोर टाकण्यातच शक्ती घालते. जागेची अडचण असेल तर दोर मागे वळवून जुन्या वेलीभोवती सैलसर गुंडाळावा.

मोठ्या कुंडीबद्दल थोडक्यात सांगते. होयाच्या अनेक जाती झाडांच्या खोडांवर वाढतात, आणि आपल्या सह्याद्रीतली होया वाइटीही तशीच आहे. तिच्या मुळांना थोडी जागा आणि भरपूर हवा लागते. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये वाळतच नाही आणि मुळे कुजतात. खालच्या भोकांतून मुळे बाहेर आली आणि पाणी घातल्याबरोबर नुसते वाहून जाऊ लागले, तरच एक आकार मोठी कुंडी घ्यावी.

मग चढणारी वेल फुलत का नाही? वेल दोन-तीन वर्षांपेक्षा लहान नसेल, तर बहुतेक घरांत कारण एकच असते, ते म्हणजे अपुरा उजेड. मुंबईत खिडकीसमोर दुसरी इमारत उभी असते आणि आपल्या डोळ्यांना उजेड भरपूर वाटला तरी वेलीला तो पुरत नाही. दुपारी बाराच्या सुमारास पानांवर हात धरून पाहावे. हाताची सावली स्पष्ट उमटली तर उजेड पुरेसा आहे, आणि ती पुसट असेल तर वेल वाढेल, पण फुलेल याची शाश्वती नाही. सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन सर्वांत चांगले. एप्रिल-मेचे दुपारचे ऊन थेट पडले तर पाने पिवळी पडून भाजतात, तेव्हा तिथे हिरवी जाळी लावावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी कमी करून माती बरीचशी वाळू द्यावी. नत्र जास्त असलेले खत वारंवार घालू नये, कारण त्याने पानेच वाढतात. एवढे केल्यावरही महिनाभरात फुले येत नाहीत. कळी दिसू लागल्यापासून ती उमलेपर्यंतच अनेक आठवडे जातात, आणि त्या काळात कुंडी हलवली किंवा माती पार कोरडी पडली तर कळ्या गळतात.

दांडी कधीच काढू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. ती पिवळी पडून आतपर्यंत तपकिरी झाली असेल आणि बोट लागताच आपोआप सुटत असेल, तर ती मेलेली आहे आणि काढून टाकायला हरकत नाही. काही जातींमध्ये दांडी दर बहरानंतर स्वतःच गळते, तिथे वेलीच्या मनाप्रमाणे होऊ द्यावे. दांडीच्या खडबडीत टोकात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण लपलेला दिसला, तरी कात्री घेऊ नये. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून टोक हलक्या हाताने पुसावे आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा तसेच करावे. टोकाचा हिरवट उंचवटा शाबूत असेल, तर त्या दांडीवर पुन्हा कळ्या येऊ शकतात.