एका सूर्यनमस्कारात १३.९० कॅलरी? हिशोब नेमका कुठे चुकतो

“एका सूर्यनमस्काराने १३.९० कॅलरी जळतात. अर्ध्या तासात ४१७, तर वजने उचलून फक्त १९९. रोज १२ नमस्कार घाला, चालायला किंवा जिमला जायची गरजच नाही, चरबी आपोआप उतरेल.”

या दाव्यातला १३.९० हा आकडा कोणी मनाने रचलेला नाही, आणि म्हणूनच त्याचा माग काढणे महत्त्वाचे आहे. भारतीय लष्करातील २१ जवानांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीन महिने योगाचा सराव झाल्यानंतर, नमस्कार घालताना त्यांनी घेतलेला प्राणवायू मोजला गेला. एकूण खर्च आला सरासरी १३.९१ कॅलरी, पण त्याच अभ्यासात दुसराही आकडा आहे, मिनिटाला ३.७९ कॅलरी. पहिल्याला दुसऱ्याने भागले की कळते, तो एक नमस्कार ३ मिनिटे ४० सेकंद चालला होता, म्हणजे प्रत्येक स्थितीत साधारण १८ सेकंद थांबून. या गतीने अर्ध्या तासात आठच नमस्कार होतात आणि खर्च होतो सुमारे ११४ कॅलरी. ४१७ कसे आले? १३.९० ला ३० ने गुणून. संथ नमस्काराची किंमत घ्यायची आणि ती मिनिटाला एक अशा गतीच्या नमस्काराला लावायची, एवढीच ही चूक आहे.

मिनिटाला १३.९ कॅलरी खर्च करायच्या तर शरीराला दर मिनिटाला जवळजवळ २.८ लिटर प्राणवायू वापरावा लागतो. ६० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हे ताशी १३ किलोमीटर वेगाने धावण्यासारखे आहे. अर्धा तास तसे धावणे सराव नसलेल्या बहुतेकांना जमणारच नाही. याची परीक्षा घरीही होते: नमस्कार घालताना तुम्ही मंत्र स्पष्ट म्हणू शकत असाल, तर तुम्ही त्या पातळीच्या जवळपासही नाही.

नमस्कार जलद घातले तर खर्च वाढतो, हे मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सराव असलेल्या सहा भारतीयांनी लागोपाठ नमस्कार घातले, तेव्हा हृदयाची गती तिच्या कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत गेली आणि ६० किलोच्या व्यक्तीसाठी अर्ध्या तासाचा खर्च सुमारे २३० कॅलरी निघाला. रथसप्तमीला १०८ नमस्कार घालणाऱ्यांना हा दम परिचित असेल. तरीही हा आकडा ४१७ च्या निम्म्याच्या आसपास आहे.

आता रोजच्या १२ नमस्कारांचे पाहू. ६० किलो वजनाची एक स्त्री ४० सेकंदांना एक या मध्यम गतीने १२ नमस्कार आठ मिनिटांत संपवते. मिनिटाला पाच कॅलरी धरल्या तर ४० झाल्या. त्यातून, ती नुसती बसून राहिली असती तरी खर्च झाल्या असत्या अशा आठ वजा केल्या की ३२ उरतात. दाव्याप्रमाणे त्या १६७ असायला हव्यात. तीच स्त्री ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगाने, हात हलवत, ४५ मिनिटे चालली तर विश्रांतीचा खर्च वजा जाता जवळजवळ १५० कॅलरी जातात. चालण्याचा मिनिटाचा दर नमस्कारापेक्षा फार वेगळा नाही; फरक पडतो तो वेळेमुळे, कारण पाऊण तास चालणे रोज जमते आणि पाऊण तास नमस्कार क्वचितच कोणाला जमतात. (काही वर्गांत डावा आणि उजवा पाय मिळून एकच आवर्तन धरतात, तिथे १२ म्हणजे आपले २४ होतात. आकडे ताडताना हे आधी विचारून घ्यावे.)

वजनांबद्दल दाव्यातला आकडा नव्हे, तर तुलनाच चुकीची आहे. दोन संचांमधली विश्रांती धरली तर वजने उचलण्याचा खर्च बेताचाच असतो आणि स्नायू वाढल्याने बसल्या जागी भरपूर कॅलरी जळतात हेही खरे नाही. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ कॅलरीच वापरतो. वजनांचे काम वेगळे आहे. आहार कमी केल्यावर शरीर चरबीबरोबर स्नायूही उतरवते, आणि तो टिकवायचा तर त्याच्यावर वाढता भार पडावा लागतो. नमस्कारात दंड आणि खांद्यांना जोर मिळतो, पण भार आपल्याच वजनाशी थांबतो आणि पाठीला ओढण्याचे काम जवळजवळ मिळत नाही. म्हणून नमस्कार घालणाऱ्यानेही आठवड्यातून दोनदा डंबेल किंवा पाण्याने भरलेला कॅन कमरेत वाकून पोटाकडे ओढावा.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. आहार तोच राहिला, तर रोजचे १२ नमस्कार महिनाभरात जेमतेम १२५ ग्रॅम उतरवतील आणि ते पाऊण तासाचे चालणे ६०० ग्रॅमच्या जवळ जाईल.