नफा होतोय ना, मग तक्रार कसली?

"धंदा चालतोय, नफा होतोय, मग पैसे जातात कुठे?" हा प्रश्न मला आता सहन होत नाही. कुठे जातात म्हणजे काय? गिऱ्हाइकाकडे जातात! माल त्याच्या गोदामात पोचला, त्यानं तो पुढे विकलासुद्धा, आणि माझं बिल अजून ६० दिवसांच्या रांगेत उभं आहे. म्हणजे त्याचा धंदा माझ्या पैशावर चालतो, तोही बिनव्याजी. आणि वर मलाच विचारतात, "तुमचं बजेट नीट नाही का?"

बजेट म्हणता ना, मग मांडतोच आता. समजा महिन्याची विक्री १० लाखांची. त्यातले ८ लाख मालाच्या खरेदीचे. भाडं, पगार, वाहतूक यांचे १ लाख २० हजार. उरले ८० हजार, तो नफा. नफा-तोटा पत्रकात हे इतकं छान दिसतं की बघणारा मान डोलावतो. पण त्या पत्रकात विक्री बिल फाडल्या दिवशी धरलेली असते. पैसा त्या दिवशी येत नाही, तो दोन महिन्यांनी येतो. पगार मात्र दोन महिन्यांनी दिलेला चालत नाही.

आता खरा हिशेब बघा. विकला जाण्याआधी माल सरासरी २० दिवस माझ्याकडे पडून असतो, म्हणजे ५ लाख ३३ हजार त्यात अडकले. विकल्यावर ६० दिवस गिऱ्हाइकाकडे. दोन महिन्यांची विक्री २० लाख, त्यातला नफा बाजूला काढला तरी माझ्या खिशातून गेलेले १८ लाख ४० हजार तिकडे अडकले. ज्याच्याकडून मी माल घेतो तो मला १५ दिवस थांबतो, तेवढाच काय तो आधार, ४ लाखांचा. बेरीज-वजाबाकी करा: १९ लाख ७३ हजार. महिन्याला ८० हजार कमावण्यासाठी जवळजवळ २० लाख कायम बाहेर हवेत! दोन वर्षांचा नफा पुरा पडत नाही एवढी रक्कम, आणि ती कधीच परत हातात येत नाही, कारण एक बिल सुटतं तोवर दुसरं अडकलेलं असतं. ही रक्कम कर्जाऊ घेतली आणि व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर महिन्याला जवळपास २० हजार झाले. नफ्याचा चौथा हिस्सा. ६० दिवसांची ही खरी किंमत आहे आणि ती कोणत्याच दरपत्रकात लिहिलेली नसते.

बरं, ६० म्हणजे ६० तरी असावेत! तेही नाही. दिवस मोजायला सुरुवात कधी? माल पोचल्यापासून, असं ठरलेलं असतं. प्रत्यक्षात त्यांच्या हिशेब विभागात बिलाची नोंद होईल तेव्हापासून. नोंद करणारा माणूस रजेवर. मग ६० दिवस भरले की कळतं, पैसे सोडायची तारीख महिन्यातून दोनदाच असते आणि ती कालच गेली. मग एका खोक्यातला माल फुटका निघाला म्हणून अख्खं बिल अडवून ठेवायचं! अरे, त्या खोक्याची क्रेडिट नोट घ्या आणि बाकीचे पैसे सोडा ना. पण नाही. वाद एका खोक्याचा आणि थांबलं सगळंच.

असे ६० चे ७५ होतात, आणि हे वरचे १५ दिवस किती महाग पडतात ते कोणी मोजतं का? दर महिन्याला माझे ९ लाख २० हजार बाहेर जातात. १५ दिवस म्हणजे त्याचे निम्मे, ४ लाख ६० हजार. "थोडे दिवस इकडेतिकडे होतात हो" असं फोनवर सहज म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं की ते थोडे दिवस माझ्या सहा महिन्यांच्या नफ्याच्या जवळपास आहेत. तुमचे ६० खरे किती आहेत ते बघायला वेळ लागत नाही: एकूण येणं भागिले महिन्याची विक्री, गुणिले ३०. येणं २५ लाख निघालं तर तुम्ही ७५ दिवसांवर आहात, करारात काहीही लिहिलेलं असो. माझी चीड अशी की बजेट करून देणारे लोक करारातला आकडा घालतात! करारातल्या ६० वर बेतलेलं बजेट पहिल्याच तिमाहीत फाटतं, मग दोष कोणाला? व्यापाऱ्याला.

दुसरा राग महिनेवारी बजेटचा. महिन्याची आवक ९ लाख ५० हजार, जावक ९ लाख २० हजार, म्हणजे सगळं आलबेल? पगार १ तारखेला, पुरवठादाराचे पैसे ५ तारखेला आणि मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे २५ तारखेला. मधले वीस दिवस काय करायचं? म्हणून कागद आठवड्यांचाच हवा, पुढच्या १३ आठवड्यांचा. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव वेगळ्या ओळीत आणि त्याच्यासमोर तो खरोखर ज्या आठवड्यात पैसे देतो तो आठवडा. शिल्लक सगळ्यात खाली जाते तो आठवडा शोधायचा. भांडवल त्या खड्ड्याएवढं लागतं, सरासरीएवढं नाही. सरासरी सांगून मोकळे होणाऱ्यांनी एकदा त्या आठवड्यात पुरवठादाराचा फोन घेऊन दाखवावा.

आणि मग येतात शहाणे, "धंदा वाढवा, सगळं सुटेल." वाढवून बघा! विक्री १० वरून १५ लाखांवर नेली आणि बाकी सगळं त्याच प्रमाणात राहिलं तर अडकणारी रक्कमही दीडपट होते. आणखी जवळपास १० लाख आधी घालायचे, जास्तीचा नफा महिन्याला ४० हजार. वाढीव मालाचा पहिला पैसा दिसायच्या आत वाढीव खरेदीची बिलं भरायची वेळ आलेली असते. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटणारी दुकानं तीन महिन्यांत का बंद पडतात, ते ह्यात आहे. तोट्यानं नाही, नफ्यात असताना बंद पडतात.

कर्ज देणारेही तसेच. गिऱ्हाइकाकडून येणं असलेल्या रकमेवर पैसे देतो म्हणतात, पण पूर्ण रकमेवर देत नाहीत, काही हिस्सा कापूनच देतात. आणि येणं ९० दिवसांपेक्षा जुनं झालं की बहुतेक ठिकाणी ते मोजतच नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकानं उशीर केला की पैसे तर आले नाहीतच, वर माझी कर्जाची मर्यादाही खाली आली. एकाच उशिराची शिक्षा मला दोनदा.

सगळ्यात संताप येतो तो सवलतीचा. "२ टक्के सोडा, लगेच पैसे देतो." ६० दिवस आधी खरंच दिले तर २ टक्के म्हणजे वर्षाला साडेबारा टक्क्यांच्या आसपास पडतात, कर्जाच्या व्याजाएवढेच, चालेल. पण ते २ टक्के कापून ४५व्या दिवशी पैसे पाठवतात! १५ दिवसांसाठी २ टक्के म्हणजे वर्षाला ५० टक्के. माझा नफाच शेकडा ८, त्यातले २ हे असे लुबाडायचे आणि वर उपकार केल्याचा आव. आता बिलावरच लिहितो: १० दिवसांत पैसे आले तरच सवलत, नंतर कापलेली रक्कम पुढच्या बिलात येणं म्हणून दाखवली जाईल. आणि ६० दिवस हवे असतील तर दरात २ टक्के जास्त. हे ऐकून एका खरेदी अधिकाऱ्यानं विचारलं, "तुम्ही बँक आहात का?" नाही ना! तेच तर सांगतोय इतके दिवस, मी बँक नाही, माझे पैसे द्या.