यातलं माकड कुठलं?

परवा प्रिंटिंगच्या दुकानात, एका परक्या गृहस्थांनी माझ्या कॉमिकच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "यातलं माकड कुठलं?" त्यांना आधार कार्ड लॅमिनेट करून हवं होतं. मला काय हवं होतं ते मी त्या क्षणी विसरलो.

प्रकरण एवढंच, की मामांची साठी आहे. महाबळेश्वरला माकडाने त्यांचा चष्मा पळवला तेव्हा मामेबहिणीने मोबाइलवर धडाधड फोटो काढले होते. त्या फोटोंचं कॉमिकचं एक पान करून भेट द्यावं, असं ठरलं. ठरवणारे घरचे सगळे, करणारा मी.

"हल्ली अ‍ॅप असतं ना त्याला," हे वाक्य मी या काळात इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता कुणी 'अ' म्हटलं तरी माझा जबडा आवळतो. असतं ना, अ‍ॅप असतं. फोटो टाकला की त्याचं चित्र होतं. पण ते फिल्टर प्रत्येक फोटो वेगळा बघतं. मागच्या फोटोतला माणूस आणि हा माणूस एकच, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पहिल्या फोटोत ऊन समोरून होतं, म्हणून मामा गोरेगोमटे आले. दुसऱ्यात ऊन डोक्यावर, तर हनुवटीखालच्या सावलीची काळीकुट्ट दाढी झाली. तिसरा फोटो बहिणीने अगदी जवळून काढलेला. मोबाइलचं भिंग रुंद, त्यामुळे जे पुढे असतं ते फुगतं, आणि मामांच्या चेहऱ्यात पुढे काय आहे हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. तीन चौकटींत तीन मामा. मामींना एकच पुरेसे आहेत.

म्हणून आधी मामांचा नमुना-तक्ता काढावा लागतो. सगळ्यात बऱ्या उजेडातला फोटो घ्यायचा आणि त्यावरून एकच चेहरा तीनदा काढायचा: समोरून, तिरका आणि बाजूने. मग ठरवायचं, की या माणसाच्या कुठल्या खुणा कधीच बदलणार नाहीत. मी टक्कल, जाड काळ्या काडीचा चष्मा आणि किंचित पडलेला डावा खांदा धरला. शर्टावरच्या चौकड्यांना रजा दिली. त्या प्रत्येक चौकटीत सारख्या वळवायच्या तर मामांच्या पंचाहत्तरीलाच पान हातात आलं असतं. पुढचे फोटो फक्त उभं राहण्याच्या ढबीपुरते वापरायचे, चेहरा तक्त्यातला. माणूस जमला का, हे बघायचं तर आकृती पूर्ण काळी भरून टाकायची. नुसत्या काळ्या आकारावरून मामा ओळखू आले पाहिजेत.

आले. अडचण पुढे होती. गोष्टच चष्मा जाण्याची! चौथ्या चौकटीनंतर मामांची मुख्य खूण माकडाच्या नाकावर. तिथून पुढे मामांना टक्कल आणि खांद्यावर निभावून न्यायचं होतं. त्यातून चष्मा हिसकावला त्या क्षणाचा फोटोच नाही, कारण बहीण तेव्हा किंचाळत होती. आहे तो एक हललेला फोटो, त्यात आकाश आणि तिचा अंगठा. ती चौकट मनानेच काढली, आणि पानावर सगळ्यात मोठी तीच ठेवली. सगळे फोटो सारख्या आकारात ओळीने लावले तर तो अल्बम होतो. कॉमिकमध्ये जिथे डोळा थांबायला हवा ती चौकट मोठी, बाकीच्या तिच्यासाठी अंग चोरतात.

मग बोलण्याचे फुगे. मामा आधी म्हणाले, "माकडं माणसाला घाबरतात." त्यावर मामी म्हणाल्या, "हो, दिसतंय." आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा आधी बोलणारा डावीकडे हवा. फोटोत मामी डावीकडे. फोटो उलटवून पाहिला, तर मामींचा पदर उजव्या खांद्यावर गेला आणि त्या गुजराथी दिसायला लागल्या. मामांचा खिसाही उजवीकडे. तेव्हा फोटो आहे तसा ठेवून मामांचा फुगा पार वर काढला आणि मामींचा खाली, कारण डोळा आधी वरचं वाचतो. पण वर जागा कुठली? मोबाइलचे फोटो डोक्याला टेकून कापलेले. चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा फुग्यांसाठी मोकळा हवा, म्हणून तेवढं महाबळेश्वरचं आकाश मी पदरचं रंगवलं. अक्षरं आधी मांडायची, फुगा नंतर त्यांच्याभोवती काढायचा, हेही यात आलं. मराठीच्या ओळींत तर वर वेलांट्या, खाली उकार. इंग्रजी कॉमिकइतक्या जवळ ओळी आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो.

हे सगळं करून मी दुकानात उभा होतो. पान काउंटरवर. आणि लॅमिनेशनवाल्या काकांनी ते विचारलं.

"अहो, ते काय, झाडावर."

"चष्मा लावलेला?"

"माकडानेच लावलाय."

"मग हा टकल्या कोण?"

"ते माझे मामा."

"यांचा चष्मा कुठाय?"

"माकडाकडे."

काकांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माकडाला शेपूट दाखवायची हो. नाहीतर कसं कळणार?"

"दाखवलीये. ही बघा, चौकटीच्या बाहेर आलीये."

"हां, जागा पुरली नाही."

"पुरली हो! मुद्दाम बाहेर काढलीये. उडी मारल्याचा जोर दिसावा म्हणून."

"छे छे. चौकट कमी पडली तर मोठी आखायची. आम्ही ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलो होतो, तेव्हा रेघेबाहेर गेलं की मार्क कापायचे." मग दुकानदाराकडे वळून, "याला जरा कापून द्या हो शेपटीपाशी."

आणि तो दुकानदार, ज्याला मी तीनशे जीएसएमच्या कागदाचे पैसे आगाऊ दिले होते, तो कटर घेऊन आला! मी पानावर आडवा झालो. वीसेक रुपयांच्या लॅमिनेशनला आलेल्या माणसाला माझ्या शेपटीवर मत द्यायचा अधिकार कुणी दिला? याच माणसाच्या घराचं प्लंबिंग चालू असताना मी जाऊन म्हटलं का, की हा पाइप जरा कापा?

काकांना राग वगैरे आला नाही. उलट पान पुन्हा वरून खाली वाचून, "हो, दिसतंय" पाशी बरोबर थांबून हसले. तेवढ्यात मी विरघळलो आणि मोबाइल नंबर देऊन बसलो. त्यांच्या नातीच्या बारशाचे फोटो होते म्हणे. "त्याचंही एक असं करून द्या. सोपंच असेल आता तुम्हाला."

ते सगळे फोटो कालपासून येऊन पडताहेत. आजी पाळण्याला हात लावून कॅमेऱ्याकडे बघतेय. आत्या कानात नाव सांगताना कॅमेऱ्याकडे बघतेय. घुगऱ्या वाढणारे, खाणारे, सगळे कॅमेऱ्याकडे. कुणी कुणाकडे बघतच नाही, तर कोण कुणाशी बोलतंय हे फुग्याच्या शेपटीला कळणार कसं? एकच जण दुसऱ्या माणसाकडे बघतोय, तो केटरर, आणि तो काकांकडे पैसे मागतोय.