सातशे फोनांवरचा एकटा ‘राम राम’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

“तुमचा लेख वाचला आणि वाईट वाटलं. माझे वडील दिंडोरी तालुक्यात द्राक्षाची बाग करतात. बागायतदारांच्या मोठ्या ग्रुपवर त्यांनी एकदा सकाळी ‘राम राम मंडळी’ एवढंच लिहिलं, तर एकाने ‘कामाचं बोला’ असं सुनावलं. तेव्हापासून त्यांनी तिथे एक शब्द लिहिलेला नाही. चार माणसांत गेल्यावर आधी राम राम करायचा ही आमची रीत आहे. तिला तुम्ही गर्दी म्हणत असाल, तर तो ग्रुप माणसांचा कसला?”
– एक वाचक, म्हसरूळ

सप्रेम नमस्कार. मोठ्या ग्रुपवर नुसता नमस्कार टाकून थांबू नये, त्याने गर्दी होते, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावरची ही आपली प्रतिक्रिया.

सुनावणाऱ्याचे चुकलेच. सातशे माणसांसमोर वडीलधाऱ्या माणसाला असे बोलल्याने ग्रुपवरची गर्दी कमी होत नाही. एक अनुभवी बागायतदार मात्र कायमचा गप्प होतो. तरीही रीत आणि गर्दी यांबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य करता येत नाही. का, ते द्राक्षबागेच्याच उदाहरणाने सांगतो, कारण अशाच एका ग्रुपवर मी बरीच वर्षे आहे आणि विचारणाऱ्यांना उत्तरे देणाऱ्यांपैकी एक आहे.

पारावर आपण राम राम करतो तेव्हा समोर कोण बसले आहे ते आपल्याला दिसते. कोणी तरी सरकून जागा देतो, ‘काय म्हणते बाग?’ असे विचारतो आणि मूळ विषय दोन वाक्यांत निघतो. ग्रुपवर यांतले काहीच होत नाही. कोण जागे आहे, कोण ट्रॅक्टरवर आहे, कोण पिंपळगावच्या बाजारात गाडी लावून उभा आहे, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे त्याचा राम राम कोणा एकाला उद्देशून राहत नाही आणि ‘काय म्हणते बाग?’ हे विचारणे कोणा एकाचे काम ठरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ माणसांपर्यंत वाढवली. माणसे जितकी जास्त, तितके प्रत्येकाला वाटते की पुढचे दुसरा कोणी विचारील.

आता एका सकाळचे सांगतो. ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्याच्या तोंडावर आल्या होत्या आणि रात्री अवकाळी पाऊस झाला होता. सकाळी सहाच्या सुमारास एका बागायतदाराने लिहिले : ‘नमस्कार’. पाच मिनिटांत ‘नमस्कार भाऊ’, ‘राम राम अण्णा’, ‘शुभ सकाळ’ आणि झेंडूच्या फुलांची दोन चित्रे आली. हे सगळे मनापासून आले होते, यात मला शंका नाही. नमस्काराला नमस्कार करायला काही लागत नाही. प्रश्नाला उत्तर द्यायचे तर माहिती लागते आणि थोडी जोखीमही घ्यावी लागते. म्हणून मोठ्या ग्रुपवर नमस्काराला पंधरा उत्तरे येतात आणि प्रश्नाला एक किंवा दोन.

त्या बागायतदाराचा खरा प्रश्न साडेनऊनंतर आला. पानावर तेलकट पिवळे डाग दिसत होते आणि ते डाऊनी या बुरशीच्या रोगाचे आहेत का, हे त्याला विचारायचे होते. मधल्या साडेतीन तासांत तो वाट पाहत होता की कोणी जाणकार ‘बोला’ म्हणेल. ज्यांनी ‘बोला’ म्हणावे अशी त्याची अपेक्षा होती, ती माणसे साडेपाच ते सात या वेळेत फोन पाहतात आणि नंतर बागेत जातात. त्यांनी त्या वेळेत यादी उघडली तेव्हा ग्रुपच्या नावाखाली काय दिसले? यादीत प्रत्येक ग्रुपचा फक्त शेवटचा संदेश दिसतो. तिथे झेंडूचे चित्र होते, आणि न वाचलेल्या संदेशांचा आकडा वीसच्या पुढे गेला होता. आत काही तातडीचे आहे असे कोणाला वाटावे, असे त्यात काहीच नव्हते. मीही ते उघडले नाही.

डाऊनीत या तासांना किती किंमत आहे, ते आपल्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. पान ओले राहिले आणि हवा मध्यम उबदार असली की बुरशी पानात शिरते. ती शिरण्यापूर्वी पानावर बसलेले स्पर्शजन्य औषध उपयोगी पडते, शिरल्यानंतर आंतरप्रवाही औषध लागते, आणि तेही लागण ताजी असेपर्यंतच नीट काम करते. फुलोऱ्यात हा रोग घडावर गेला तर घड वाचवणे फार अवघड होते. शिवाय सकाळी फवारायचे की दुपारी, पान वाळेपर्यंत थांबायचे की नाही, हे ठरवून टाकी भरावी लागते. साडेनऊला आलेल्या प्रश्नाचे उत्तर दुपारी मिळते आणि दिवस हातचा जातो.

तोच बागायतदार सहा वाजता असे लिहू शकला असता :

‘नमस्कार मंडळी. मोहाडी शिवार, थॉम्पसन, छाटणीला आज ३८ दिवस. रात्री दोन तास पाऊस, पाने अजून ओली आहेत. शेवटची फवारणी चार दिवसांपूर्वी, मॅन्कोझेब. पानाच्या वर तेलकट डाग, मागे पांढरी बुरशी; दोन्ही बाजूंचे फोटो टाकतो. डाऊनीच आहे का, आणि आज काय फवारू?’

यात नमस्कार आहेच, आणि रीत कुठेही सुटलेली नाही. फक्त त्याच्यामागे उभा असलेला प्रश्न त्याच संदेशात आला आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला उलट विचारायला काही उरत नाही. पानाच्या मागच्या बाजूचा फोटो तर फारच महत्त्वाचा, कारण डाऊनीची पांढरी बुरशी तिथे दिसते. नुसत्या वरच्या डागावरून अंदाज बांधावा लागतो. यादीत दिसणारी पहिली ओळही ‘नमस्कार मंडळी. मोहाडी शिवार, थॉम्पसन’ अशी असते. जाणकाराचे बोट तिथे थांबते.

म्हणजे माझा आक्षेप नमस्काराला नाही. प्रश्न मागे ठेवून पुढे पाठवलेल्या एकट्या नमस्काराला आहे, आणि तोही मोठ्या ग्रुपवर. आपल्या आठ-दहा जणांच्या भावकीच्या ग्रुपवर वडिलांनी रोज सकाळी राम राम लिहावा. तिथे तो शब्दच निरोप असतो : मी उठलो, बरा आहे. एखादे दिवशी आला नाही तर कोणी तरी फोन करून पाहील. तिथे मला तो हवाच वाटतो.

मोठ्या ग्रुपवरही असे प्रसंग येतात, जेव्हा हजर असणे हेच विचारलेले असते. गंगापूर धरणातून पाणी सुटते आणि नाशिकला गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढू लागते, तेव्हा गोदाकाठच्या दुकानदारांच्या ग्रुपवर कोणी तरी ‘सगळे सुखरूप आहात ना?’ असे विचारतो. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी काठावरून पाहिला त्यांना हा प्रश्न किती खरा असतो ते माहीत आहे. अशा वेळी ज्याची काही खबर नव्हती त्याचा नुसता ‘हो’ सर्वांना हवा असतो. मात्र तिथेही सुखरूप असलेल्या तीनशे जणांनी तीनशे ओळी लिहिल्या, तर ‘आमच्या तळमजल्यात पाणी शिरले, माणसे पाठवा’ ही एक ओळ त्यांत दबते. सुखरूप असणाऱ्यांनी मूळ प्रश्नावर अंगठ्याची खूण करावी आणि शब्द अडचणीत असलेल्यांसाठी सोडावेत. ती खूण संदेशालाच चिकटते, नवीन ओळ होत नाही.

आपल्या वडिलांच्या बाबतीत मला आणखी एक शक्यता दिसते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुष्कळ माणसे नुसता राम राम करतात तेव्हा ती अंदाज घेत असतात. इथे आपल्यासारख्याने विचारलेले चालते का, कोणी हसणार तर नाही ना, शुद्धलेखन चुकले तर? प्रश्न त्यांच्या मनात तयार असतो, पण तो टाकण्याआधी दार उघडे आहे का ते पाहायचे असते. अशा माणसाला ‘कामाचं बोला’ म्हणणे म्हणजे दार लावून घेणे, आणि नुसते ‘राम राम अण्णा’ म्हणूनही त्याचा प्रश्न बाहेर येतोच असे नाही. ज्याला ही गोष्ट कळते त्याने तिसरे काही करावे : त्या राम रामलाच उत्तर म्हणून विचारावे, ‘राम राम अण्णा, कोणते शिवार? बाग किती दिवसांची झाली?’ एकानेच विचारावे, बाकीच्यांनी थांबावे. आमच्या ग्रुपवर ॲडमिन आता हेच करतात, आणि वर दिलेल्या नमुन्यासारखा एक संदेश त्यांनी ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवला आहे. पिन ३० दिवसांनी सुटते, म्हणून छाटणीच्या हंगामात ती पुन्हा लावावी लागते.

लिहिणे जड जात असेल तर आवाजाचा संदेश पाठवावा. सातशे माणसांना तो ऐकावा लागतो, नजरेखालून घालता येत नाही, ही त्याची अडचण आहेच. पण अर्ध्या मिनिटाच्या आवाजात राम रामही होतो, शिवारही येते आणि डागही सांगता येतो. सोबत पानाचा फोटो असला तर कोणीही तक्रार करणार नाही.

गर्दी खरोखर झाली आहे का, हे ओळखण्याच्या दोन खुणा सांगतो, कारण काही ॲडमिन दोन शुभ सकाळी आल्या की लगेच फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय लावतात, आणि मग विचारणाऱ्याचेही तोंड बंद होते. एकच प्रश्न त्याच दिवशी दुसऱ्यांदा विचारला जाऊ लागला, म्हणजे पहिले उत्तर वर वाहून गेले आहे, असे समजावे. दुसरे असे, की जाणकार ग्रुपवर उत्तर न देता विचारणाऱ्याला खासगीत लिहू लागतात. हे अधिक वाईट, कारण मग शेजारच्या शिवारातल्या ज्याच्या बागेत तोच डाग आहे त्याला ते उत्तर कधीच दिसत नाही.

वडिलांना माझा निरोप द्याल का? त्यांनी पुन्हा लिहावे, आणि राम रामनेच सुरुवात करावी. त्याच संदेशात शिवार, वाण, छाटणीचे दिवस आणि काय दिसते आहे ते घालावे. सवयीने नुसता राम राम गेलाच, तर कोणी ‘बोला’ म्हणण्याची वाट पाहू नये. तोच संदेश बोटाने उजवीकडे सरकवून त्याच्याखाली प्रश्न लिहावा, सात वाजायच्या आत.